सोमवारचा आकडा अजून कच्चा असतो

सोमवारी सकाळी आठ वाजता देवळ्यातल्या ठिबक सिंचनाच्या एका दुकानदाराच्या फोनवर गुगल जाहिरातींचा साप्ताहिक अहवाल येतो, असं धरून चालू. अहवाल आपोआप तयार होतो. खर्च ३,५०० रुपये, चौकशा २८. शेजारी लाल बाण: मागच्या आठवड्यापेक्षा ३३ टक्के कमी, कारण तेव्हा ४२ होत्या. एका चौकशीचा खर्च ८३ रुपयांवरून १२५ वर गेला. दुकानदार हे पाहतो आणि जाहिरात बंद करायला निघतो.

इथेच चार ओळींचं भाष्य उपयोगी पडतं. पण ‘चौकशा ३३ टक्क्यांनी घटल्या’ एवढंच त्यात लिहिलं, तर ते भाष्य नव्हे. तो आकडाच पुन्हा शब्दांत मांडलेला आहे.

भाष्य लिहिणाऱ्याने आधी क्लिक पाहावेत. मागच्या आठवड्यात ५००, या आठवड्यात ४९५. म्हणजे लोक जाहिरातीवर तितकेच येताहेत. मग चौकशा कुठे गेल्या? उत्तर गुगलच्या मोजण्याच्या पद्धतीत आहे. डाळिंबाच्या बागेला ठिबक करायचं म्हणून कळवणचा शेतकरी शुक्रवारी जाहिरातीवर क्लिक करतो, घरी बोलतो आणि मंगळवारी वेबसाइटवर फॉर्म भरतो. ती चौकशी नेहमीच्या रकान्यात मंगळवारच्या नव्हे, शुक्रवारच्या खात्यावर जमा होते. क्लिकनंतर किती दिवस वाट पाहायची, ही मुदत सहसा ३० दिवसांची असते. त्यामुळे सोमवारी पाहिलेला ताजा आठवडा नेहमीच अपुरा, आणि शेवटचे तीन दिवस तर जास्तच.

म्हणून तुलना सारख्या वयाच्या आकड्यांची करायची. गेल्या सोमवारचा जुना अहवाल उघडला, तर त्यात मागच्या आठवड्याच्या चौकशा ३० होत्या. त्या आज ४२ झाल्या आहेत. खरी घट ३० वरून २८, म्हणजे दोनची. एवढ्या लहान संख्येत दोनचा फरक सहज पडतो, तिथे टक्के लिहूच नयेत. खातरजमेसाठी गुगलच्या `Conversions (by conv. time)` या रकान्यात चौकशी ज्या दिवशी आली त्याच दिवशी मोजलेली दिसते.

जुना अहवाल जपून ठेवला नसेल, तर ही तुलना करताच येत नाही. दर सोमवारचा पीडीएफ तारखेसह वेगळा ठेवणं हे भाष्यकाराचं पहिलं काम आहे. आणखी एक मर्यादा: जाहिरात पाहून थेट दुकानात आलेलं गिऱ्हाईक या अहवालात दिसत नाही. त्याची नोंद काउंटरवरच्या वहीत व्हायला हवी.

मग भाष्य असं होतं: ‘क्लिक स्थिर आहेत. चौकशा २८ दिसतात. गेल्या आठवड्याच्या याच टप्प्यावर ३० होत्या. घट मानण्याजोगी नाही. जाहिरात व बजेट तसंच ठेवावं. गुरुवारी पुन्हा पाहू. तोवर आकडा फारसा वाढला नाही, तर वेबसाइटवरचा फॉर्म मोबाइलवरून स्वतः भरून तपासावा.’