संकेतस्थळावरील घातक मजकूर : सूचनांची छाननी व योग्य उपाय

तक्रारनोंदणीच्या संकेतस्थळावर नागरिकाने लिहिलेला मजकूर पुढे संबंधित अधिकाऱ्याच्या पडद्यावर येतो. ब्राउझरने तो केवळ अक्षरे म्हणून दाखवावयाचा असतो. त्यात दडलेल्या आज्ञा ब्राउझरने पाळल्या, तर अधिकाऱ्याच्या नावाने भलतेच व्यवहार होऊ शकतात. या दोषास ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ असे म्हणतात.

समजा, पाणीपुरवठ्याच्या एका संकेतस्थळात असा दोष असल्याच्या तीन सूचना आल्या. प्रत्येकीत चाचणीसाठी हीच ओळ लिहिली होती :

```
<img src=x onerror=alert(1)>
```

अस्तित्वात नसलेले चित्र मागावे आणि ते न मिळाल्यास एक चौकट उघडावी, असा या ओळीचा अर्थ आहे. प्रत्येक सूचना प्रथम स्वतः करून पाहावी व पृष्ठाच्या मूळ संहितेत `<` हे चिन्ह कोणत्या रूपात उमटले, ते तपासावे. पहिल्या ठिकाणी ते `&lt;` असे उमटले होते आणि ओळ नुसतीच वाचावयास मिळत होती. अर्थात तेथे दोष नव्हता. दुसऱ्या ठिकाणी शोधलेला शब्द निकालाच्या पृष्ठावर जसाच्या तसा उमटून चौकट उघडली. मात्र त्यासाठी कोणास तरी मुद्दाम रचलेला दुवा उघडावयास लावणे आवश्यक होते. तिसऱ्या ठिकाणी ओळ तक्रारीत साठून राहिली आणि ती तक्रार पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याकडे आज्ञा चालली. येथे कोणास फसवावे लागत नाही आणि बळी पडणाऱ्याच्या हाती अधिकार असतात. म्हणून तिसरी सूचना सर्वप्रथम व दुसरी त्यानंतर हाती घ्यावी.

यावर ‘script’ हा शब्द वगळण्याचा उपाय पुष्कळांना सुचतो. परंतु वरील ओळीत तो शब्दच नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘मायस्पेस’ या अमेरिकी संकेतस्थळाने ‘javascript’ हा शब्द निषिद्ध केलेला होता. सॅमी कामकार या तरुणाने ‘java’ व ‘script’ यांच्यामध्ये ओळ तोडली. गाळणीने तो मजकूर सोडला, काही ब्राउझरांनी मात्र आज्ञा पाळली. आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खातेदारांकडे तिचा प्रसार झाला. निषिद्ध शब्दांची यादी कधीच पूर्ण होत नाही, ती याच कारणाने.

खरा उपाय मजकूर दाखवण्याच्या क्षणी करावयाचा असतो. नोंदीत मूळ मजकूर तसाच ठेवावा आणि पृष्ठावर उमटवताना विशेष चिन्हांचे रूपांतर करावे :

```
&lt;img src=x onerror=alert(1)&gt;
```

मग शब्द कोणतेही असोत, ब्राउझर ते केवळ दाखवतो. ‘दाब < ५’ असे लिहिणाऱ्या नागरिकाचा मजकूरही कापला जात नाही.

मात्र हे रूपांतर स्थानपरत्वे बदलते. पृष्ठाच्या मजकुरासाठी योग्य असलेली पद्धत स्क्रिप्टच्या आत पुरत नाही. नागरिकाने दिलेला दुवा दाखवताना तो `http:` किंवा `https:` ने सुरू होतो, हेही पाहावे लागते. दुरुस्तीनंतर तीच ओळ पुन्हा नोंदवावी. ती पडद्यावर अक्षरशः वाचता आली आणि चौकट उघडली नाही, तरच सूचना निकाली काढावी.