दोन थर्मामीटर, दोन आकडे

घरात दोन थर्मामीटर असले की ताप मोजताना बहुतेक वेळा दोन आकडे मिळतात. मूल तापाने फणफणलेलं असताना त्यातला खरा कोणता, हे ठरवत बसणं फार अवघड. म्हणून ही पारख घरात सगळे बरे असतानाच करून ठेवावी. त्यासाठी कोमट पाणी पुरतं.

शाळेत शिकलेली बर्फ आणि उकळत्या पाण्याची पद्धत इथे चालत नाही. ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर साधारण 94 ते 108 अंश फॅरनहाइट एवढंच मोजतो. उकळत्या पाण्यात तो फुटेल, आणि डिजिटल बर्फात नुसतं ‘Lo’ दाखवेल.

हाताला जेमतेम गरम लागेल असं पाणी मोठ्या, जाड भांड्यात घ्या. पाणी जास्त असलं की ते हळू निवतं. काचेच्या थर्मामीटरचा पारा आधी 95 च्या खाली झटका. नळीत पाऱ्याची रेघ तुटलेली दिसली, तर ती सलग होईपर्यंत झटकावं लागतं. मग पाणी ढवळून दोन्ही थर्मामीटरची टोकं शेजारी-शेजारी, एकाच खोलीवर आणि एकाच वेळी बुडवा. डिजिटलचं फक्त टोकच पाण्यात जाऊ द्या. पाणी मधूनमधून ढवळत तीन-चार मिनिटं थांबा. डिजिटल त्याआधी वाजला तरी काढू नका, कारण आकडा वाढायचा वेग मंदावला की तो वाजतो.

समजा, काचेचा 101 दाखवतो आणि डिजिटल 100.8. चांगल्या थर्मामीटरमध्येही 0.2 अंशाची चूक मान्य असते, त्यामुळे दोन्ही ठीक. पण डिजिटल 100 दाखवत असेल, तर पुन्हा दोनदा करून पाहा. दर वेळी तो एक अंशच कमी दाखवत असेल, तर दोघांपैकी एक ठरावीक चुकतो आहे. तो कोणता, हे तिसरा थर्मामीटर मागून आणल्याशिवाय कळणार नाही. फरक दर वेळी वेगळा येत असेल, तर आधी डिजिटलची बॅटरी बदला. तरीही आकडे हलत राहिले, तर तो वापरू नका.

कपाळासमोर धरायच्या इन्फ्रारेडला पाण्याची परीक्षा लागू नाही. तो त्वचेतून येणारी उष्णता वाचतो आणि कपाळ शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असतं हे धरून काही अंश स्वतःच वाढवतो. तो वस्तूच्या मोडवर राहिला, तर तापलेलं मूलही गार दाखवेल. ऊन, पंखा, घाम यांनीही आकडा बिघडतो. म्हणून धडधाकट माणसाला वीस मिनिटं घरात, पंख्याच्या वाऱ्याबाहेर बसवा, कपाळ पुसून कोरडं होऊ द्या आणि पारखलेल्या डिजिटलने जिभेखालचं तापमान घ्या. त्याआधी अर्धा तास चहा किंवा गार पाणी नको. मग इन्फ्रारेडने, सोबतच्या माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावरून, तीनदा मोजा. तिन्ही आकडे एकमेकांजवळ आणि डिजिटलपासून अर्ध्या अंशाच्या आत असतील, तर तो घरात वापरायला हरकत नाही. आकडे विखुरले, तर पुढची काच मऊ कापडाने पुसून पुन्हा बघा.