डाय चढवायची की नाही?

पॉवर प्रेसवरची एक डाय उतरवून दुसरी चढवायची, तर मशीन थांबवावेच लागते. बोल्ट सोडायचे, जुनी डाय ट्रॉलीवर काढायची, नवी बसवून तिची उंची जुळवायची, मग पहिले काही नग ठोकून ते मापात आहेत का ते गेजने तपासायचे. त्यातले काही नग भंगारातही जातात. पुढे दहा नग काढा की हजार, सेटिंगचा हा खर्च बदलत नाही. त्यामुळे डाय चढलीच आहे तर भरपूर माल काढून ठेवावा, असे सुपरवायझरला वाटते. पण त्या मालात पत्र्याचे पैसे अडकतात, जागा अडते, गंज चढतो.

मागणी वर्षभर सारखीच असेल तर एका वेळी किती माल काढावा, याचे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले. मात्र ऑर्डर दर आठवड्याला बदलत असेल तर ते पुरत नाही.

समजा, भोसरीतल्या एका प्रेस शॉपला एका ब्रॅकेटचे चार आठवड्यांत अनुक्रमे ६०, ४०, ९० आणि २० नग द्यायचे आहेत. एका सेटिंगला २,००० रुपये लागतात आणि एक नग एक आठवडा सांभाळायला २० रुपये. दर आठवड्याला डाय चढवली तर ८,००० रुपये लागतील. सगळे २१० नग पहिल्याच आठवड्यात काढले तर सेटिंग एकच, पण साठ्याच्या खर्चासह आकडा ७,६०० होतो. पहिल्या आठवड्यात १०० आणि तिसऱ्यात ११० नग काढले तर ५,२०० रुपयांत भागते. याहून स्वस्त योजना नाही.

चार आठवड्यांचा हिशेब कागदावर होतो. बावन्न आठवडे आणि तीनशे ब्रॅकेट असतील तर तो संगणकाकडे द्यावा लागतो, आणि खरी मेख तिथे आहे. संगणकाला दर आठवड्यासाठी दोन गोष्टी ठरवायच्या असतात: किती नग काढायचे, तो आकडा `x_t`, आणि डाय चढवायची की नाही, तो `y_t`, ज्याची किंमत फक्त ० किंवा १. या दोघांत काहीच संबंध लिहिला नाही, तर संगणक सगळे `y` शून्य ठेवतो, दर आठवड्याला हवा तेवढा माल काढतो आणि खर्च शून्य दाखवतो. डाय न चढवता माल निघाला! म्हणून एक ओळ घालावी लागते:

`x_t ≤ M_t · y_t`

`y_t` शून्य असेल तर उजवी बाजू शून्य होते आणि नगही शून्यच राहतात. तो १ असेल तर `M_t` पर्यंत माल काढता येतो.

मग `M_t` किती घ्यायचा? ‘भरपूर मोठा घ्या’ हा सल्ला नेहमी मिळतो, आणि तो नुकसान करतो. सॉल्व्हर आधी `y` ला अपूर्णांक चालेल असे धरून खर्चाची खालची मर्यादा काढतो आणि तिच्या आधारे निरुपयोगी पर्याय छाटत जातो. वरच्या उदाहरणात `M` एक लाख घेतला, तर ६० नगांसाठी `y` ०.०००६ असला तरी चालते. सगळ्या सेटिंगांचा खर्च मिळून ४ रुपये २० पैसे होतो, आणि खरे उत्तर ५,२०० असताना हीच खालची मर्यादा ठरते. तिच्या जोरावर जवळपास काहीच छाटता येत नाही. त्याऐवजी `M_t` म्हणून त्या आठवड्यापासून पुढची उरलेली मागणीच घ्यावी: २१०, १५०, ११०, २०. त्याहून जास्त माल काढण्यात अर्थच नसतो. एवढ्या बदलाने मर्यादा सुमारे ३,५०५ रुपयांवर येते.

`M` एक कोटी घेतला तर उत्तरच खोटे निघू शकते. अनेक सॉल्व्हर ०.००००१ इतका `y` शून्यच समजतात, आणि त्याला एक कोटीने गुणले की १०० नग फुकटात सुटतात. ही चूक पकडायला सोपी आहे: `y` शून्य असलेल्या आठवड्यात उत्पादन दिसते का, ते पाहायचे.

एकाच वस्तूसाठी, क्षमतेची अडचण नसताना, वॅग्नर आणि व्हिटिन यांनी १९५८ मध्ये एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. सर्वात स्वस्त अशी एक योजना नेहमी सापडते, जिच्यात मागचा साठा संपल्याशिवाय नवी डाय चढत नाही. त्यामुळे तपासायच्या योजना एकदम कमी होतात.

प्रेसला मर्यादा असेल तर हा नियम मोडतो. आपल्या शॉपमध्ये आठवड्याला १०० नगच निघत असतील, तर २१० नगांसाठी तीन सेटिंग लागतातच. सर्वात स्वस्त योजना ६०, ५० आणि १०० नगांची, खर्च ६,६०० रुपये. तिच्यात तिसऱ्या आठवड्याची डाय चढते तेव्हा गोदामात १० ब्रॅकेट आधीच पडलेले असतात. तिथे `M_t` ही उरलेली मागणी आणि क्षमता यांतला लहान आकडा घ्यावा लागतो: १००, १००, १००, २०.