कढईतला तडतडाट

फ्रीजरमधल्या फ्रेंच फ्राइजचं पाकीट उघडलं की तळाशी बर्फाचा भुगा दिसतो. खरा घातकी तोच. तळणीचं तेल साधारण १८० अंशांवर असतं, पाणी १०० अंशांनाच उकळतं. भुगा तेलात पडताच वितळतो आणि पाणी तेलापेक्षा जड म्हणून खाली बुडतं. तिथे क्षणात त्याची वाफ होते, मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापणारी. ती वर उसळताना तेल उडवते. अख्खं पाकीट एकदम ओतलं तर फेस काठावरून थेट बर्नरवर उतरतो आणि भडका उडतो.

म्हणून फ्राइज चाळणीत झटकून भुगा पाडून टाका. त्या आधी वितळवू नयेत. ओल्या आणि लिबलिबीत होतात. कढई अर्ध्याहून कमी भरा. एकेक मूठ झाऱ्यावर घेऊन कडेने अलगद सोडा. घाबरून लांबून टाकलं तर उलट जास्त उडतं. मासे, पनीर मात्र टिपून कोरडे करा.

फेस चढू लागला तर आधी गॅस बंद. तेल पेटलंच तर वर झाकण सरकवा, कढई हलवू नका आणि पाणी अजिबात ओतू नका.