सारण तुमचं, उकड माझी!

गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर एक एक्सेल शीट टाकली. बिचारे आयटीवाले, त्यांना वाटलं प्रॉब्लेम सुटला! प्रॉब्लेम असा, की बी विंगमधल्या रत्नागिरीच्या काकू आणि डी विंगमधल्या साताऱ्याच्या वहिनी या दोघी सॉल्लिड सुगरणी, आणि दोघींचं गेली चार वर्षं एकमेकींशी हसून बोलणं फक्त लिफ्टमध्ये. मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी यांची वाटणी पाच मिनिटांत झाली. अडलं ते मोदकांवर. 121 मोदक, आणि ते दोघींनाही हवे होते.

म्हणून शीटमध्ये मोदकाचेच दोन तुकडे पडले. सारण वहिनींचं, उकड काकूंची. ऑफिसात आपण करतो ना, फ्रंट एंड तुझा, बॅक एंड माझा... तस्संच!

वाटणी कागदावर झक्कास होती. नऊ नारळांचा चव, म्हणजे साधारण अठरा वाट्या, त्याला नऊ वाट्या गूळ. बारा वाट्या तांदळाची पिठी, तेवढंच पाणी, चिमूटभर मीठ, थोडं तूप. सकाळी आठला क्लब हाऊसच्या किचनमध्ये दोन शेगड्या पेटल्या. काकूंनी उकळत्या पाण्यात सहा वाट्या पिठी एकदम घातली, ढवळली, झाकण ठेवून दोन वाफा काढल्या आणि तेलापाण्याचा हात लावून गरम गरमच मळायला घेतली. शेजारच्या शेगडीवर वहिनींचं सारण अजून सैलच होतं.

"वहिनी, उकड गार होतेय हं माझी," काकू.

"गार करा की मग, सारणाला काय पंख लावू?" वहिनी.

पण मनातून त्याही घाबरल्या असणार. कारण उकड गार झाली की पारीला कडेने चिरा जातात आणि कळ्या पडत नाहीत, हे साताऱ्यातही माहीत असतं. (तिकडे तळणीचे मोदक जास्त, हे काकू दर वर्षी ऐकवतातच.) वहिनींनी वेलदोडा घातला आणि कोमट सारण तसंच पुढे सरकवलं. पहिले पंधरा मोदक देखणे झाले. एकेका पाण्यात बुडवून ते मोदकपात्रात गेले. बारा मिनिटांनी झाकण उघडलं तर नऊ मोदक बुडाशी फुटलेले, आणि चाळणीवर गुळाचं तपकिरी पाणी!

मग जे झालं ते इथे छापण्यासारखं नाही. "तुमची उकड कोरडी!" "तुमचं सारण पाणचट!" सेक्रेटरी अळूवडीच्या दिशेने गायब.

शेवटी काकूंनीच एक फुटका मोदक उलटा धरला. उकड कोरडी असती तर चिरा पारी वळतानाच दिसल्या असत्या. हे मोदक आत जाताना धड होते, म्हणजे गडबड सारणाचीच. वहिनींनी उरलेलं सारण चमच्याने दाबून पाहिलं. कढईत गोळा जमला होता, शिजायला कमी नव्हतंच. पण गरम असताना त्याला सुटलेलं पाणी आटायला, मुरायला वेळच मिळाला नव्हता. आणि तो का मिळाला नाही? कारण उकड तासभर आधी तयार होती. आता बोला, चूक कुणाची?

दोघी गप्प. गजराच्या घड्याळाचा रकाना शीटमध्ये कुठेच नव्हता.

मग वहिनींनी सगळं सारण दोन मोठ्या परातींत पसरलं आणि वर पंखा लावला. काकूंनी उरलेल्या उकडीवर ओला पंचा टाकला, थोडी थोडी काढून पाण्याच्या हाताने पुन्हा मऊ केली. पुढची उकड दोन-दोन वाट्यांचीच काढायची, आणि तीही वहिनी "चालेल" म्हणाल्यावर, असं ठरलं. ठरलं म्हणजे, काकूंनी न विचारता पाणी उकळायला ठेवलं नाही, एवढंच. पण चार वर्षांत पहिल्यांदाच!

दुसरा घाणा अकराला उतरला. ओल्या बोटाने काकूंनी पारीला हात लावला, चिकटली नाही. एकही फुटला नव्हता. नैवेद्याचे एकवीस साडेबाराला बाप्पापुढे, बाकीचे पंगतीत. तुपाची धार काकूंनी सोडली, वाढलं वहिनींनी.

फुटलेले नऊ मात्र पंगतीत आलेच नाहीत. दीडच्या सुमाराला मी पाणी प्यायला किचनमध्ये गेले, तर दोघी ओट्याला टेकून एकाच ताटलीतून ते संपवत होत्या.

"पुढच्या वर्षी सारण मी करते," काकू म्हणाल्या.

"बघू की," वहिनी म्हणाल्या, आणि शेवटचा मोदक उचलला.