मरण कुणाला चुकलंय?

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कितीतरी गावांत घरं पहाटेच रिकामी होतात. तेंदूपत्त्याचा हंगाम मोजक्या दिवसांचा असतो. उजाडायच्या आत जंगलात शिरायचं, झुडपाशी वाकून पानं खुडायची, ऊन चढायच्या आधी गाठोडं डोक्यावर घेऊन परतायचं. मग सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी संकलनाच्या फळीवर मोजून द्यायची. घरात रोख पैसा येण्याचे हेच दिवस असतात. पण पानं खुडताना बाई वाकलेली असते, आणि जमिनीलगत वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटेलच असं नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

अशी घटना घडली की पुढचे काही तास गावोगावी काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. फोटो या फोनवरून त्या फोनवर जातात. चहाच्या टपरीवर प्रश्न सुरू होतात. किती वाजता झालं? वाघ होता की वाघीण? सोबत कोण होतं? मग कुणीतरी म्हणतं, ‘एकटीच आत गेली असन.’ दुसरा म्हणतो, ‘वाकून होती असन.’ तिसरा वनखात्याला बोल लावतो. शेवटी एखादी वडीलधारी बाई सुस्कारा सोडते, ‘मरण कुणाला चुकलंय, बाई?’ सगळे मान हलवतात आणि आपापल्या कामाला लागतात.

या बोलण्यात दुष्टपणा नाही, हळहळ खरीच असते. पण प्रत्येक वाक्य काय करतंय ते पाहा. ती एकटी गेली, म्हणजे मी एकटा जाणार नाही. ती वाकली, म्हणजे मी सावध राहीन. ‘मरण कुणाला चुकलंय’ हे तर सगळ्यांत गमतीदार वाक्य आहे. त्यात मरण सगळ्यांना वाटून दिलंय, इतकं की बोलणाऱ्याच्या वाट्याला ते जवळजवळ येतच नाही.

महाभारतातल्या वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला विचारतो, जगातलं सर्वांत मोठं आश्चर्य कोणतं? युधिष्ठिर सांगतो की रोज माणसं यमाघरी जाताना दिसतात आणि तरी उरलेल्यांना कायम राहावंसं वाटतं. ते आश्चर्य तिथे नोंदवलं गेलं. ते घडतं कसं, याचा तपशीलवार शोध १९२७ साली एका जर्मन तत्त्वज्ञानं घेतला. मार्टिन हायडेगर हा एडमंड हुसर्लच्या परंपरेतला. कुठल्याही अनुभवाची कारणं शोधायच्या आधी तो अनुभव जसा येतो तसा नीट वर्णन करायचा, ही त्या परंपरेची शिस्त. हायडेगरचं लिखाण पुष्कळसं ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातल्या टोटनाउबर्ग इथल्या एका लाकडी झोपडीत झालं. त्याच्या ‘बीइंग अँड टाइम’ या ग्रंथात आपल्या टपरीवरचं ते वाक्य जवळजवळ तसंच सापडतं, हे पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. ‘माणसं मरतातच’ असं जो म्हणतो, त्याच्या मनात ‘पण अजून मी नाही’ हे न बोललेलं शेपूट असतं, असं तो दाखवून देतो.

हे बोलतं कोण? हायडेगर म्हणतो, आपण नव्हे. आपल्यातून ‘लोक’ बोलतात. लोक काय घालतात ते आपण घालतो, लोक कशावर चिडतात त्यावर चिडतो, लोक मरणाबद्दल जेवढं आणि जसं बोलतात तेवढंच बोलतो. हे लोक म्हणजे शेजारीपाजारी नव्हेत. तो प्रत्येकाच्या आतच बसलेला एक कुणीही-नसलेला माणूस आहे, आणि बहुतेक वेळ आपण तोच असतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘काही होत नाही तुला’ म्हणणारा तोच. मरणाचा विषय काढला की ‘अशुभ बोलू नको’ म्हणणाराही तोच. हायडेगरचं एक निरीक्षण फार धारदार आहे. मरणापुढे बेचैन होण्याची हिंमत हे लोक आपल्याला करूच देत नाहीत, उलट तिला भित्रेपणा म्हणतात.

आपलं रोजचं भान याच लोकांच्या हातात असतं, आणि ते विखुरलेलं राहतं. हायडेगरनं याची तीन रूपं सांगितली. एक म्हणजे ऐकीव बोलणं, ज्यात गोष्ट स्वतः न अनुभवता पुढे सरकवली जाते. दुसरं कुतूहल, जे पाहायचं म्हणून पाहतं आणि लगेच पुढच्याकडे उडी मारतं. तिसरं असं की सगळ्यांना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि खरं काय समजलं हे कुणालाच सांगता येत नाही. वाघाच्या हल्ल्याचा फोटो, त्याखाली हात जोडल्याची खूण आणि लगेच खाली क्रिकेटची चित्रफीत, एवढ्यात ही तिन्ही येतात. मोबाइल नव्हता तेव्हाही हे होतंच. मोबाइलनं फक्त दोन गोष्टींमधली रिकामी फट बुजवली.

ती फट महत्त्वाची आहे, कारण बेचैनी तिथूनच येते. भीती आणि बेचैनी एक नव्हेत, हा हायडेगरचा मोठा मुद्दा, आणि तो जंगलातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. माकडानं खर्र केलं, चितळानं शीळ घातली, की भीती येते. तिला दिशा असते, त्या झुडपाकडून ती येते. तिच्यावर उपाय असतो. आवाज करायचा, एकत्र व्हायचं, मागे सरायचं. बेचैनीचं तसं नाही. जंगल दूर असतं, पुडकी मोजून झालेली असतात, मुलं झोपलेली असतात, वीज गेलेली असते, फोनची बॅटरी संपलेली असते. काहीही बिघडलेलं नसतं. अशा वेळी अचानक घर, भांडी, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं तिथंच असून परकं वाटू लागतं. कशानं अस्वस्थ झालात असं कुणी विचारलं तर आपण म्हणतो, ‘काही नाही.’ हायडेगर म्हणतो, हे उत्तर अक्षरशः खरं आहे. बेचैनीला कुठलीच एक वस्तू नसते. जगात असणं हेच तेव्हा समोर येतं, आणि ते आपल्यालाच जगावं लागणार आहे, हेही.

आता मरणाकडे. हायडेगरला मरण म्हणजे आयुष्याच्या शेवटी घडणारी घटना म्हणायची नाही. तो कच्च्या फळाचं उदाहरण घेतो आणि लगेच ते अपुरं असल्याचं दाखवतो. आपल्याकडचं टेंभुर्णीचं फळ घ्या. ते पिकतं, आणि पिकणं म्हणजे त्याचं पूर्ण होणं. माणूस मात्र बहुतेकदा अर्धवट असतानाच संपतो, किंवा पिकून कधीचा पुढे गेलेला असतो. मरण आपल्याला पूर्ण करत नाही. ते जन्मापासून सोबत असलेली एक शक्यता आहे, जिच्यात बाकीच्या सगळ्या शक्यता मिटतात. ती माझी एकट्याची आहे, कुणी माझ्याऐवजी ती घेऊ शकत नाही. ती टळत नाही, ती निश्चित आहे, आणि तिची वेळ ठरलेली नाही. लोक यातल्या शेवटच्या दोन गोष्टींची ताटातूट करतात. निश्चित तर आहे, पण वेळ ठरलेली नाही ना, मग आज नाही! हायडेगर म्हणतो, दोन्ही एकत्र धरा. निश्चित आहे आणि कुठल्याही क्षणी आहे.

याचं एक मराठी उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे काम सुरू केलं. गावागावांतल्या बाळांचे मृत्यू मोजणं, त्यांची कारणं शोधणं हा त्या कामाचा गाभा होता. ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेऊन तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, हा त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. म्हणजे मरण हे ज्याच्या रोजच्या वहीत होतं असा माणूस. त्या अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्यावर ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक झालं. मला त्या शीर्षकातला पहिला शब्द सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मृत्यूचे दर, आकडे, कारणं माहीत असणं आणि ‘माझा’ म्हणणं यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच हायडेगर मोजत होता.

पण इथे एक चूक सहज होते. झटका आला, आहार बदलला, चालायला लागलो, हे चांगलंच. पण हायडेगरला हवा असलेला अस्सलपणा, म्हणजे लोकांच्या नव्हे तर स्वतःच्या निवडीनं जगणं, तेवढ्यानं येत नाही. झटका ही घटना आहे, तिची भीती वाटते, उपाय केला की ती ओसरते, आणि लोक पुन्हा आपली जागा घेतात. ‘आयुष्य एकदाच मिळतं’ हे वाक्यसुद्धा लोकांचंच. मरणाचा सतत विचार करत बसणं हेही हायडेगरला नको आहे, कारण तेव्हा आपण त्या शक्यतेचा हिशेब मांडायला लागतो. त्याला हवं आहे ते असं की ती शक्यता शक्यता म्हणूनच उघडी ठेवावी आणि तिच्या उजेडात आजची कामं निवडावीत. बाहेरून काहीच बदललेलं दिसणार नाही. तेच गाव, तेच काम. फरक एवढाच की ते काम ‘सगळे करतात म्हणून’ राहत नाही. ओळख पटवायची तर स्वतःला विचारावं, हे मी कुणाच्या सांगण्यावरून करतोय? उत्तर ‘कुणाच्याच नाही, असंच असतं’ असं आलं, तर तिथे लोक बसलेले आहेत.

हायडेगर इथे थांबतो, मला थांबता येत नाही. तेंदूपत्त्याला जाणारी बाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलात जाते, तेव्हा ती मरण विसरलेली नसते. हंगाम संपत असतो आणि पुडक्यांचे पैसे लागतात. तिच्या निवडीला किती जागा आहे हे तत्त्वज्ञानानं आधी विचारायला हवं. सार्त्रनं १९४३ मध्ये आक्षेप घेतला की मरण ही माझी शक्यता नाहीच, ते बाहेरून येऊन माझ्या सगळ्या शक्यता तोडतं. माझ्याऐवजी कुणी मरू शकत नाही हे खरं, पण माझ्याऐवजी कुणी प्रेमही करू शकत नाही, मग मरणाचंच काय वेगळं? वाघाच्या बाबतीत सार्त्रचं म्हणणं जास्त पटतं. आणि तत्त्वज्ञ लेविनास म्हणतो, आपल्याला मरण आधी भेटतं ते दुसऱ्याचं. सिंदेवाहीत ते तसंच भेटलं. हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात सामील झाला, ही गोष्टही त्याचं वाचताना डोळ्यांआड करू नये. लोकांच्या आवाजातून सुटण्याबद्दल इतकं खोल लिहिणारा माणूस त्या काळच्या सर्वांत मोठ्या गर्दीत सामील झाला होता.

तरी टपरीवरच्या त्या वाक्याचं त्यानं केलेलं वाचन मला आजवर कुणी खोडून काढलेलं दिसलं नाही. ज्यांना मुळातून वाचायचं आहे त्यांनी ‘बीइंग अँड टाइम’चे परिच्छेद ४६ ते ५३ घ्यावेत. ते जड वाटले तर आधी टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ ची दीर्घकथा वाचावी. हायडेगरनं परिच्छेद ५१ च्या तळटीपेत तिचाच उल्लेख केला आहे.