फळा झिजत नाही, वही झिजते
जुनं घेताना, जुनं विकताना : भाग ५

मागच्या आठवड्यात आपण जुन्या लॅपटॉपचं बाहेरचं अंग तपासलं: बिजागऱ्या, पडदा, कीबोर्ड. ते डोळ्यांना दिसतं, बोटांना कळतं. आज पाहायच्या चार गोष्टी मात्र दिसत नाहीत आणि जुन्या लॅपटॉपची किंमत त्यांच्यावरच ठरते: प्रोसेसर, रॅम, साठवणूक आणि बॅटरी.

आमच्या सोसायटीत गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना सरच म्हणतात. २०१९ मध्ये घेतलेला लॅपटॉप त्यांना विकायचा होता. जाहिरातीचा मजकूर त्यांनी कागदावर लिहून आणला होता: ‘आय-फाइव्ह लॅपटॉप, ८ जीबी, २५६ जीबी मेमरी, बॅटरी बॅकअप उत्तम, कंडिशन नव्यासारखी.’

सरांनी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नव्हतं. तरीही तेवढ्यावरून घेणाऱ्याला काहीच ठरवता आलं नसतं. आम्ही लॅपटॉप सुरू केला आणि एकेक शब्द तपासायला घेतला.

सुरुवात प्रोसेसरपासून. Ctrl, Shift आणि Esc या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात Performance आणि मग CPU निवडलं, की वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. सरांच्या लॅपटॉपवर होतं i5-8250U. यातला i5 हा फक्त दर्जा सांगतो. त्यानंतरचा 8 म्हणजे आठवी पिढी, आणि शेवटचा U म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर. पिढी का पाहायची, तर सातव्या पिढीतल्या i7-7500U मध्ये दोन कोअर आहेत आणि आठव्या पिढीतल्या या i5 मध्ये चार. नुसतं ‘आय-सेव्हन’ वाचून जास्त पैसे मोजणारा माणूस इथे फसतो. दुसरं असं की विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची यादी जवळपास आठव्या पिढीपासूनच सुरू होते. त्यामुळे जाहिरातीत पूर्ण नाव हवंच.

‘पण सहा वर्षांवर वापरलाय. प्रोसेसर झिजला असेल ना?’ सरांनी विचारलं.

घरगुती वापरात प्रोसेसर झिजून मंद होत नाही. त्याच्याभोवतीची थंड करण्याची व्यवस्था मात्र बिघडते. पंख्यात धूळ साठते, प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमधली पेस्ट सुकते. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. हे ओळखता येतं. टास्क मॅनेजरमध्ये Base speed लिहिलेला असतो. सरांच्या लॅपटॉपवर तो 1.60 GHz होता. आम्ही चार्जर लावून एक व्हिडिओ कॉल आणि बऱ्याच टॅब एकदम चालू ठेवल्या. पहिल्या मिनिटाला वेग अडीचच्या पुढे होता, दहा मिनिटांनी १.१ वर आला. भर कामात वेग मूळ आकड्याच्याही खाली जातो आणि पंखा घोंघावत असतो, तेव्हा दोष बहुधा उष्णतेचा असतो. दुरुस्तीवाल्याने पंखा साफ करून नवी पेस्ट लावली. नंतर तेवढ्याच कामात वेग दोनच्या वर टिकला. जाहिरातीत ही सफाई लिहायची, कारण तो खर्च आता घेणाऱ्याला करावा लागणार नाही.

आता सरांच्या ‘८ जीबी, २५६ जीबी मेमरी’ या शब्दांकडे येऊ. इथे दोन वेगळ्या वस्तू एका नावाखाली आल्या आहेत. सरांना मी म्हटलं, ‘सर, रॅम म्हणजे तुमचा वर्गातला फळा. चालू तासाचं सगळं त्यावर असतं, घंटा झाली की पुसलं जातं. आणि एसएसडी म्हणजे मुलांची वही. घरी नेली तरी लिहिलेलं राहतं.’

फळा मोठा असला तर जास्त उदाहरणं एका वेळी समोर राहतात; तशी रॅम जास्त असली तर जास्त कामं एकदम उघडी राहतात. रॅमही वापरून झिजत नाही. ती चालते किंवा बिघडते, ‘ऐंशी टक्के उरली’ असं तिच्याबाबतीत नसतं. म्हणून तिच्याबद्दल एवढंच सांगायचं: किती आहे आणि वाढवता येते का. टास्क मॅनेजरमध्ये Memory वर गेलो, तर तिथे Slots used: 1 of 2 दिसलं. म्हणजे ८ जीबीची एकच पट्टी बसवलेली आणि दुसरी जागा मोकळी. घेणाऱ्याला उद्या आणखी ८ जीबी घालता येतील. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते. तिथे Form factor पुढे बहुधा Row of chips असं येतं. तशी असली आणि जोडीला मोकळी जागा नसली, तर आहे तेवढीच कायमची. हे न सांगणं म्हणजे घेणाऱ्याला अंधारात ठेवणं.

वहीची गोष्ट वेगळी आहे. कागदावर पेन्सिलीने लिहायचं, खोडरबराने पुसायचं, पुन्हा लिहायचं, असं करत गेलं की कागद पातळ होतो आणि एके दिवशी फाटतो. एसएसडीच्या आत हेच घडतं. प्रत्येक पेशीत विजेचा भार साठवलेला असतो आणि एक अतिशय पातळ रोधक थर त्याला धरून ठेवतो. लिहिताना आणि पुसताना तो थर थोडाथोडा खराब होतो. नुसतं वाचल्याने जवळपास काहीच बिघडत नाही. म्हणून एसएसडी किती वर्षांची आहे, यापेक्षा तिच्यावर किती लिहिलं गेलं, हे महत्त्वाचं.

ते पाहायला CrystalDiskInfo नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. सरांच्या एसएसडीसाठी त्याने दाखवलं: Health Status 91 %, Total Host Writes 14212 GB, Power On Hours 6120. चौदा टेराबाइट हा आकडा ऐकून सर दचकले. पण तुलना करून पाहा. सॅमसंगच्या ९७० इव्हो या २५० जीबीच्या ड्राइव्हची वॉरंटी १५० टेराबाइट लेखनापर्यंत होती. सरांची एसएसडी दुसऱ्या कंपनीची असली, तरी चौदा हा आकडा केवढा आहे याचा अंदाज त्यावरून येतो. या वहीचा कागद अजून भक्कम आहे.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवा. हेल्थचा आकडा झीज सांगतो, हमी देत नाही. एसएसडीतली नियंत्रक चिप बिघडली, तर ९१ टक्के हेल्थची ड्राइव्हही एका क्षणात बंद पडते. आणि सहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये Power On Hours चाळीसच दिसले, तर ड्राइव्ह बहुधा बदललेली आहे. बदललेली असणं वाईट नाही, पण विकणाऱ्याने ते सांगायला हवं. शिवाय २५६ जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये २३८ दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, एवढाच तो फरक. हे जाहिरातीतच लिहिलं की नंतरचा वाद टळतो.

राहिली बॅटरी. ‘बॅकअप उत्तम’ या दोन शब्दांवर सर अडून बसले होते, कारण त्यांचा लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरला जोडलेला असायचा आणि कधी बंद पडला नव्हता. आम्ही कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा दिली:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेली फाइल कुठे ठेवली, ते तिथेच छापून येतं. ती उघडली. DESIGN CAPACITY 42,000 mWh, FULL CHARGE CAPACITY 27,300 mWh, CYCLE COUNT 412. नवी असताना बॅटरीत ४२ वॉट-तास मावत होते, आता २७.३ मावतात. भागाकार सरांनीच केला: ६५ टक्के. सायकल म्हणजे शंभर टक्के वापर. आज अर्धी आणि उद्या अर्धी वापरली तर दोन्ही मिळून एक सायकल. काही लॅपटॉपच्या अहवालात ही जागा रिकामी असते, तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढू नये.

‘मी तर बहुतेक वेळ चार्जर लावूनच ठेवायचो. मग एवढी झिजली कशी?’

लिथियम-आयन बॅटरी वापरल्याने झिजते तशी नुसती ठेवूनही झिजते. आतल्या एका ध्रुवावर हळूहळू एक थर साचत जातो आणि त्यात कामाचं लिथियम अडकून पडतं. बॅटरी गरम असली आणि कायम शंभर टक्के भरलेली असली, तर हे लवकर होतं. चार्जरला जोडून ठेवलेल्या, पंखा तुंबलेल्या लॅपटॉपमध्ये नेमकं हेच चालू होतं. म्हणून सायकली कमी दिसल्या, तरी बॅटरी ताजी असेलच असं नाही.

अहवालातला आकडा हाही बॅटरीतल्या चिपने बांधलेला अंदाज असतो. तो पडताळायला आम्ही शंभर टक्के चार्ज करून चार्जर काढला, ब्राइटनेस अर्धा ठेवला आणि तासभर व्हिडिओ लावला. तासाने ६४ टक्के उरले. छत्तीस टक्के तासाला, म्हणजे पूर्ण बॅटरी पावणेतीन तासांच्या आसपास. अहवाल आणि प्रत्यक्ष वापर जुळले. आकडा तीसवरून एकदम पाचवर उतरला किंवा लॅपटॉप अचानक बंद पडला, तर अहवालातली टक्केवारी कितीही चांगली दिसो, ती बॅटरी थकलेली समजावी. आणि टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. तो लॅपटॉप चार्ज करू नका, दाबू नका, आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय विकू किंवा विकत घेऊ नका.

आता चारही गोष्टी एकत्र पाहा. प्रोसेसर आणि रॅम झिजत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल ‘काय आहे’ हे लिहायचं. एसएसडी आणि बॅटरी झिजतात, म्हणून त्यांच्याबद्दल ‘किती उरलं आहे’ हेही लिहायचं. बहुतेक जाहिराती पहिल्या दोन ठळक लिहितात आणि दुसऱ्या दोन ‘उत्तम’ या शब्दाखाली झाकतात. सरांची नवी जाहिरात अशी झाली:

‘लॅपटॉप, खरेदी २०१९. प्रोसेसर i5-8250U, आठवी पिढी, ४ कोअर. विंडोज ११ चालतं. पंखा साफ करून पेस्ट नवी लावली आहे. रॅम ८ जीबी, एक पट्टी, दुसरी जागा मोकळी. एसएसडी २५६ जीबी (विंडोजमध्ये २३८ दिसते), मूळची, हेल्थ ९१ टक्के, आजवर १४ टीबी लेखन. बॅटरी मूळची, क्षमता ६५ टक्के, ४१२ सायकली. अर्ध्या ब्राइटनेसवर व्हिडिओ साधारण पावणेतीन तास. सगळ्या आकड्यांचे फोटो सोबत.’

‘पासष्ट टक्के लिहिलं तर कोण घेईल?’ सरांना काळजी वाटली. मी म्हटलं, ‘ज्याला टेबलावर चार्जर लावूनच वापरायचा आहे, तो घेईल. ज्याला कॉलेजात न्यायचा आहे, तो नव्या बॅटरीचा खर्च धरून भाव सांगेल. दोघांनाही घरी गेल्यावर नवीन काही कळणार नाही.’ सरांनी कागद पुन्हा वाचला, ‘कंडिशन नव्यासारखी’ ही जुन्या मजकुरातली ओळ शोधली आणि त्यावर स्वतःच काट मारली.

घेणाऱ्यांसाठी एक सोपा क्रम: विकणाऱ्याकडे पोचताच आधी चार्जर काढायला सांगा आणि बॅटरीचा आकडा वेळेसकट टिपून ठेवा. मग प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तपासा. तुमचं बोलणं संपेपर्यंत बॅटरीने आपलं उत्तर दिलेलं असेल.

(पुढच्या आठवड्यात : विकण्यापूर्वी आपली माहिती पूर्णपणे कशी पुसायची)